सुईनंतरचं रक्त

सकाळचे साडेसात वाजलेत. तपासणी केंद्राबाहेरच्या बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं बसली आहेत. आत खुर्चीवर एक आजी, बाही वर सरकवलेली, दंडाला रबरी पट्टा आवळलेला. टेबलावरच्या स्टँडमध्ये तीन नळ्या उभ्या आहेत. एकीचं टोपण जांभळं, दुसरीचं करडं, तिसरीचं पिवळं. आजींचं लक्ष सुईकडे नाही, त्या नळ्यांकडे आहे.

"अगं पोरी, तीन-तीन बाटल्या कशाला? एकीतच घे की सगळं, आणि काय तपासायचं ते तपास."

"आजी, तिन्ही मिळून दोन चमचेसुद्धा होणार नाही," ती मुलगी हसून म्हणते आणि हाताची मूठ आवळायला सांगते.

तिचं उत्तर खरं आहे. तीन नळ्यांत मिळून आठ-साडेआठ मिलिलिटर रक्त जातं. पण आजींनी विचारलेलं वेगळंच होतं, आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. रक्त एक, माणूस एक, शीर एक. मग भांडी तीन का? या पुस्तिकेचा सगळा पसारा त्या एका प्रश्नाच्या उत्तराचा आहे. पुढच्या प्रकरणांत एकेक नळी स्वतंत्रपणे येईल. त्याआधी या नळ्यांमागचा विचार सलगपणे समजावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करायला हवी. शिरेतून बाहेर आलेलं रक्त स्वस्थ बसत नाही. शरीरातून ते निघालं तरी त्याचं काम थांबलेलं नसतं, आणि नळीत त्याची दोन कामं जोरात चालू राहतात. पहिलं काम गोठण्याचं. शिरेबाहेरच्या पृष्ठभागाचा स्पर्श झाला की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते साकळायला लागतं. साध्या काचेच्या नळीत पाच-दहा मिनिटांत त्याची गाठ होते. दुसरं काम खाण्याचं. तांबड्या आणि पांढऱ्या पेशी नळीतही जिवंत असतात, आणि भोवतीच्या द्रवातली साखर त्या खात राहतात. नळीत जेवण वाढणारं कोणी नसल्यामुळे ती साखर तासातासाला कमी होत जाते.

आता तपासणाऱ्याची अडचण पाहा. पेशी मोजायच्या तर त्या एकेक सुट्या हव्यात, म्हणजे रक्त गोठून चालणार नाही. गोठायला किती वेळ लागतो हेच मोजायचं असेल, तर रक्त यंत्रापर्यंत पोहोचेस्तोवर थांबवायला हवं आणि तिथे पोहोचल्यावर पुन्हा गोठू द्यायला हवं. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या तपासणीला पेशींची गरजच नाही. उलट रक्त पूर्ण गोठून वरचा द्रव वेगळा झालेला बरा. आणि साखर मोजायची तर पेशींचं खाणं थांबवायला हवं. एका नळीत या चार मागण्या एकदम पुऱ्या होत नाहीत. म्हणून प्रत्येक नळीत आधीच काहीतरी घालून ठेवलेलं असतं. कधी भिंतीवर वाळवलेली पूड, कधी तळाशी दोन थेंब द्रव, कधी जेलीसारखा गोळा. टोपणाचा रंग हा त्या आत घातलेल्या पदार्थाचा पत्ता.

महाराष्ट्रातल्या जुन्या लॅबमध्ये आजही या नळ्यांना 'बल्ब' म्हणतात. प्लेन बल्ब, फ्लोराइड बल्ब, ईडीटीए बल्ब. एकेकाळी औषधाच्या रिकाम्या छोट्या बाटल्या धुऊन त्यांत ऑक्झलेटचं द्रावण घालायचं, ते वाळवायचं, वर रबरी बूच लावायचं, हे काम लॅबमधलीच माणसं करत. अमेरिकेत १९४०च्या दशकात जोसेफ क्लायनर यांनी आतून हवा काढून घेतलेल्या नळीची कल्पना आणली. सुई बुचातून आत शिरली की नळीतली पोकळीच रक्त ओढून घेते आणि ठरलेल्या मापाला थांबते. हे माप किती महत्त्वाचं आहे, ते पुढे निळ्या टोपणाच्या वेळी दिसेल.

सर्वांत सोपी नळी लाल टोपणाची. काचेची असेल तर आत काहीच नसतं. प्लास्टिकची असेल तर भिंतीला सिलिकाचे बारीक कण लावलेले असतात, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर रक्त आळसावून गोठतं. पिवळ्या किंवा सोनेरी टोपणाच्या नळीत हे कण असतातच, शिवाय तळाशी जेल असतं. विरजण नीट लागू दिलं की दह्यावर निवळी सुटते, तसं इथे गाठ आवळून आली की वर पिवळसर पाणी सुटतं. तेच सीरम. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की जेल वितळल्यासारखं सरकून वर येतं. त्याची घनता गाठीहून कमी आणि सीरमहून जास्त ठेवलेली असते, त्यामुळे ते बरोबर दोघांच्या मध्ये जाऊन बसतं आणि पडदा तयार होतो. पेशी खाली, सीरम वर. मग पेशींना वरची साखर खाता येत नाही, आणि त्यांच्यातलं पोटॅशियमही वर झिरपत नाही. (फिनिटॉइनसारख्या काही औषधांचं प्रमाण मोजताना मात्र काही प्रकारचं जेल ते औषध स्वतःत शोषून घेतं, तिथे साधी लाल नळीच बरी.)

या नळीला हवी असते ती फक्त सवड. साधारण अर्धा तास ती उभी ठेवायची. घाईने आधीच फिरवली तर अर्धवट गोठलेल्या रक्तातले फायब्रिनचे धागे सीरममध्ये तरंगत राहतात आणि यंत्राची बारीक नळी त्यांनी तुंबते. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या माणसाचं रक्त गोठायला आणखी वेळ घेतं, हे रक्त घेणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

आता गोठण्याच्या नेमक्या मर्मावर यायला हवं, कारण जांभळी, निळी आणि जुन्या काळची ऑक्झलेटची, या तिन्ही नळ्या तिथेच घाव घालतात. रक्त गोठणं ही एका घटकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला जागं करण्याची साखळी आहे, आणि या साखळीतल्या बऱ्याच कड्यांना कॅल्शियम लागतं. १८९०मध्ये मॉरिस आर्थस आणि कालिक्स्त पाजेस या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिलं की ताज्या रक्तात ऑक्झलेट मिसळून कॅल्शियम काढून टाकलं तर रक्त गोठतच नाही, आणि कॅल्शियम परत दिलं की गोठतं. या सरळ प्रयोगावर पुढची शंभर वर्षं उभी आहेत.

ऑक्झलेट शरीरात देता येत नाही, ते विषारी आहे. सिट्रेट देता येतं. १९१४मध्ये ब्रुसेल्समध्ये आल्बेर ऊस्तँ आणि ब्युनॉस आयरीसमध्ये लुईस आगोते यांनी सिट्रेट घातलेलं रक्त माणसाला चढवलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुइसोन यांनी त्याचं सुरक्षित प्रमाण ठरवलं. तोवर देणारा आणि घेणारा यांना शेजारी शेजारी निजवून रक्त चढवावं लागे. रक्त पिशवीत साठवण्याची सोय सिट्रेटमुळे आली. तेच सिट्रेट आज फिक्या निळ्या टोपणाखाली असतं.

निळ्या नळीत ३.२ टक्के सोडियम सिट्रेटचं द्रावण असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, पण घट्ट नाही. लॅबमध्ये पेशी खाली बसवून वरच्या प्लाझ्मामध्ये मोजून कॅल्शियम घातलं की गोठण्याची साखळी पुन्हा चालू होते आणि घड्याळ लावता येतं. म्हणून पीटी, आयएनआर, एपीटीटी या सगळ्या तपासण्या याच नळीत होतात. पण त्यासाठी एक कडक अट आहे: नऊ भाग रक्ताला एक भाग सिट्रेट. नेहमीच्या छोट्या नळीत ०.३ मिलिलिटर सिट्रेट असतं आणि नळीवरच्या खुणेपर्यंत २.७ मिलिलिटर रक्त यायला हवं.

ही अट मोडली तर काय होतं ते पाहू. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी चार वर्षांच्या मुलाचं रक्त घ्यायचं आहे. मूल रडतंय, शीर सापडत नाही, शेवटी कशीबशी दीड मिलिलिटरपर्यंत नळी भरते, आणि दमलेली माणसं म्हणतात, चालेल एवढं. पण सिट्रेट तेवढंच, ०.३. म्हणजे नवास एकऐवजी पाचास एक. प्लाझ्मा पातळ झाला, आणि उरलेलं मोकळं सिट्रेट लॅबने घातलेलं कॅल्शियमही गिळून बसलं. गोठायला वेळ लागतो, एपीटीटी लांबलेली येते. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, आणि 'मुलाला हिमोफिलिया तर नाही?' या प्रश्नाने त्या घरातली झोप उडते. रक्तात दोष काहीच नव्हता, नळी अर्धी होती. एपीटीटी या बाबतीत विशेष हळवी आहे. पीटी थोडी जास्त कमतरता सोसते. चांगली लॅब अशी नळी तपासायलाच घेत नाही. परत आलेल्या नळीवर पालक रागावतात, ते समजण्यासारखं आहे. पण ती परत पाठवणारा माणूस त्या मुलाच्याच बाजूने उभा असतो.

दुसरी अडचण याच हिशेबातून निघते. जन्मजात हृदयदोषामुळे ज्यांच्या रक्तात तांबड्या पेशी फार वाढलेल्या असतात, त्यांच्या २.७ मिलिलिटर रक्तात प्लाझ्माच कमी असतो. नळी खुणेपर्यंत भरूनही सिट्रेट जास्त ठरतं. रक्तातला पेशींचा भाग ५५ टक्क्यांच्या वर असेल तर नळीतलं सिट्रेट आधी मोजून कमी करावं लागतं.

जांभळ्या टोपणाखालचं ईडीटीए हे या घराण्यातलं उशिरा आलेलं पण सर्वांत हट्टी मूल. १९३०च्या दशकात जर्मनीत फर्डिनांड म्युन्त्स यांनी ते बनवलं तेव्हा डोळ्यासमोर रक्त नव्हतं, कापड होतं. रंगवताना पाण्यातलं कॅल्शियम कापडावर डाग पाडतं, ते धरून ठेवणारा पदार्थ हवा होता. ईडीटीएचा रेणू कॅल्शियमला चारही बाजूंनी खेकड्यासारखा आवळतो. सिट्रेटने धरलेलं सुटतं, याने धरलेलं सहजी सुटत नाही. म्हणून गोठण्याच्या तपासणीला ईडीटीए कुचकामी, पण पेशी मोजायला उत्तम. पेशींचा आकार आणि रंग ते काही तास चांगला टिकवतं, आणि भिंतीवर पूड म्हणून वाळवता येत असल्यामुळे रक्त पातळही होत नाही. सीबीसी, एचबीए१सी, रक्तगट ही सगळी कामं बहुधा याच नळीतून होतात. एक मिलिलिटर रक्ताला साधारण १.८ मिलिग्रॅम ईडीटीए पुरतं.

पूड भिंतीवर असल्यामुळे रक्तात ती मिसळावी लागते. नळी भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची. जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात. हलवलीच नाही तर वरच्या भागात बारीक गाठी होतात आणि त्या गाठींत प्लेटलेट अडकून बसतात.

महाराष्ट्रात पावसाळा सरता सरता डेंग्यूचा ताप येतो, आणि त्या दोन-तीन महिन्यांत 'प्लेटलेट किती?' हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. तेव्हा या बारीक गाठींना फार मोठा अर्थ येतो. डेंग्यूत प्लेटलेट खरोखर घसरतात, त्यामुळे ३८ हजारांचा आकडा दिसला तर कोणालाही तो खराच वाटतो. पण तो आकडा गाठीमुळेही येऊ शकतो, आणि आणखी एका विचित्र कारणानेही. हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं असतात की ईडीटीएच्या सहवासात त्याच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात त्या सुट्या आणि पुरेशा असतात. नळीत मात्र घोळके होतात. यंत्राला वीस प्लेटलेटचा घोळका म्हणजे एखादी पांढरी पेशी वाटते किंवा ते त्याकडे दुर्लक्षच करते. आकडा खाली येतो, आणि नळी जितकी जास्त वेळ ठेवावी तितका आणखी खाली येतो.

हे ओळखायचा मार्ग जुनाच आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पट्टीच्या टोकाला प्लेटलेटचे पुंजके दिसले की यंत्राचा आकडा बाजूला ठेवायचा. मग त्याच माणसाचं रक्त निळ्या सिट्रेट नळीत घेऊन पुन्हा मोजायचं. तिथे समजा १ लाख ९० हजार आले, तर सिट्रेटच्या द्रवामुळे एक दशांश पातळ झालेलं रक्त लक्षात घेऊन १.१ने गुणायचं. उत्तर २ लाख ९ हजार. ज्या माणसाला प्लेटलेटची पिशवी चढवण्याची तयारी चालली होती, त्याला ती मुळीच लागत नव्हती. हा रोग नव्हे. मात्र अशा माणसाने आपल्या फाइलच्या पहिल्या पानावर 'ईडीटीएमध्ये प्लेटलेट चिकटतात' असं लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी तोच गोंधळ नव्याने होणार नाही.

प्रत्येक नळीतला पदार्थ एका प्रश्नाचं उत्तर राखतो आणि दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर बिघडवतो. हे सर्वांत ठळकपणे दिसतं ते ईडीटीए चुकून दुसऱ्या नळीत गेल्यावर. नळीतलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. म्हणजे ते जिथे जाईल तिथे पोटॅशियम वाढवणार आणि कॅल्शियम आवळणार.

एक प्रसंग आकड्यांनिशी पाहू. बावन्न वर्षांच्या बाई, रक्तदाबाची गोळी चालू, वार्षिक तपासणीला आलेल्या. सिरिंजने रक्त घेतलं. जांभळी नळी आधी भरली, लाल नळीत मात्र अडीच मिलिलिटरच आलं. पुन्हा सुई टोचण्याऐवजी घेणाऱ्याने जांभळीचं टोपण उघडून अर्धा मिलिलिटर रक्त लालमध्ये ओतलं. पुन्हा टोचून बाईंना त्रास नको, हाच त्यामागचा हेतू. दुपारी अहवाल आला: क्रिएटिनिन ०.८, सोडियम १३९, दोन्ही छान. पोटॅशियम ६.९. कॅल्शियम ४च्या आसपास. अल्कलाइन फॉस्फटेज जवळजवळ शून्याकडे झुकलेलं.

पोटॅशियम ६.९ म्हणजे हृदय कोणत्याही क्षणी ठोका चुकेल अशी स्थिती. आता हिशेब मांडू. एका मिलिलिटरमध्ये १.८ मिलिग्रॅम ईडीटीए म्हणजे रक्ताच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे ४.५ मिलिमोल. प्रत्येक रेणूसोबत पोटॅशियमचे दोन अणू, म्हणजे ९ मिलिमोल पोटॅशियम. हे सगळं पेशींबाहेरच राहतं, आणि रक्तातला द्रवाचा वाटा निम्म्याहून थोडाच जास्त असतो. त्यामुळे जांभळ्या नळीतल्या प्लाझ्मामध्ये पोटॅशियम साधारण १६ मिलिमोलने वाढलेलं असतं. लाल नळीतल्या एकूण तीन मिलिलिटरांत जांभळीचा वाटा एक षष्ठांश. सोळाचा सहावा हिस्सा पावणेतीनच्या आत-बाहेर. बाईंचं खरं पोटॅशियम ४.२; त्यात २.७ मिळवले की ६.९. अर्ध्या मिलिलिटरने एवढं केलं.

पण खोटं बोलणाऱ्या नळीने आपली खूणही मागे सोडली होती. खरोखर ६.९ पोटॅशियम झालं असतं, तर बहुधा मूत्रपिंड बिघडलेलं असतं आणि क्रिएटिनिन वर गेलेलं असतं. कॅल्शियम खरोखर ४ असतं, तर बाईंचे हातपाय वाकडे होऊन आकडी आली असती. त्या तर बाहेर गप्पा मारत बसल्या होत्या. आणि अल्कलाइन फॉस्फटेज या विकराला काम करायला जस्त लागतं, ते ईडीटीएने पळवलं, म्हणून तेही पडलं. पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली, अल्कलाइन फॉस्फटेज खाली: हे तीन एकत्र दिसले की अनुभवी पॅथॉलॉजिस्ट अहवालावर सही करत नाही, आधी फोन उचलतो. दुसऱ्या नळीत नव्याने रक्त घेतलं, तर पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.५. हा फोन झाला नसता आणि कोणी पोटॅशियम उतरवायचं इंजेक्शन दिलं असतं, तर मूळचं निरोगी पोटॅशियम खरंच धोक्याच्या खाली गेलं असतं.

गळती थोडीच असली तर ओळखणं कठीण. वीस भागांत एक भाग मिसळला तर पोटॅशियम फक्त ०.८ने वाढतं, ३.१ असलेलं ३.९ दिसतं. तिथे कमी झालेलं पोटॅशियम झाकलं जातं, आणि कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत. मला वाटतं, सहज दिसणाऱ्या ६.९पेक्षा हे ३.९ जास्त घातक आहे.

नळ्या भरण्याचा क्रम या भीतीतून ठरला. कल्चरची बाटली सर्वांत आधी, मग निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. जिचा पदार्थ इतरांना सर्वांत जास्त बिघडवतो, ती मागे. पोकळीच्या नळ्या सरळ सुईने भरल्या तर एकीतलं दुसरीत जाण्याचं प्रमाण फार कमी असतं, आणि खरे मोठे घोटाळे सिरिंजचं टोक नळीच्या द्रवाला लागण्यातून किंवा टोपण उघडून ओतण्यातून होतात. म्हणून क्रम पाळायचा, पण त्याहून आधी ओतायचं नाही.

करड्या टोपणाकडे वळताना कॅल्शियम मागे पडतं आणि साखर पुढे येते. आत सोडियम फ्लोराइड असतं, आणि सोबत गोठू न देणारा पदार्थ: पोटॅशियम ऑक्झलेट किंवा ईडीटीए. नळीत पेशी तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर खातात. तालुक्याच्या गावी सकाळी आठला उपाशीपोटी रक्त घेतलं, नळ्या डब्यात घालून दुचाकीने शहरातल्या लॅबला पाठवल्या, आणि तपासणीला अकरा वाजले, हे रोजचंच दृश्य. सकाळी आठला खरी साखर १२८. मधुमेहाची रेषा १२६, म्हणजे या माणसाचा आकडा मधुमेहात मोडतो. त्याचं रक्त चुकून साध्या लाल नळीत, न फिरवता गेलं, तर अकरा वाजता साखर १०५च्या आसपास दिसेल. 'काठावर आहात, गोड कमी करा,' असं सांगून त्याला घरी पाठवतील. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या रुग्णात ही घसरण आणखी वेगाने होते.

फ्लोराइड हे खाणं थांबवतं, पण लगेच नाही. साखर फोडण्याच्या दहा पायऱ्यांपैकी ते नवव्या पायरीवरच्या एनोलेज या विकराला अडवतं. देवळाचा बाहेर पडायचा दरवाजा बंद केला तरी आत येणारी रांग काही वेळ पुढे सरकतच राहते, तसं इथे होतं. पहिल्या एक-दोन तासांत थोडी साखर जातेच. त्यानंतर ती स्थिरावते आणि पुढे दिवसभर जवळजवळ तशीच राहते. म्हणजे करडी नळी घसरण रोखते, ती घसरण मुळापासून टाळत नाही. १२६च्या काठावरच्या माणसाला या थोड्याशा घसरणीनेही फरक पडतो. नळी बर्फाच्या पाण्यात ठेवणं आणि अर्ध्या तासाच्या आत फिरवून प्लाझ्मा वेगळा करणं हा जुना, खात्रीचा उपाय. अलीकडे सिट्रेटने नळीतलं रक्त आंबट करून पहिल्याच पायऱ्या अडवणाऱ्या नळ्याही आल्या आहेत. त्यांत साखर सुरुवातीपासूनच टिकते, त्यामुळे जुन्या नळीच्या तुलनेत आकडे किंचित वर येतात. नळी बदलली की काठावरचे काही लोक मधुमेहाच्या बाजूला जातात. त्यांचं आरोग्य त्या दिवशी बदललेलं नसतं. करड्या नळीत दुसरं काही मोजू नये, हे तर उघडच आहे: सोडियम, पोटॅशियम आतूनच आलेलं, आणि फ्लोराइड इतर विकरांनाही अडवतं.

हिरव्या टोपणाचं हेपारिन वेगळ्या वाटेने जातं. कॅल्शियमला ते हातही लावत नाही. शरीरातच असलेल्या अँटिथ्रॉम्बिन नावाच्या पहारेकऱ्याला ते कैक पटींनी चपळ करतं. बाल्टिमोरमध्ये १९१६ साली जे मॅकलीन हा वैद्यकीय विद्यार्थी गोठवणारा पदार्थ शोधत होता, आणि कुत्र्याच्या यकृतातून हाती लागला तो गोठू न देणारा. अतिदक्षता विभागात अर्धा तास गाठ बसायची वाट पाहायला वेळ नसतो, तिथे ही नळी कामी येते. ते हेपारिन बहुधा लिथियमचा क्षार असतं. मनोविकारावर लिथियम घेणाऱ्या रुग्णाची लिथियमची पातळी या नळीत मोजली, तर नळीतलंच लिथियम मिसळून विषबाधेचा आकडा येतो आणि त्याचं योग्य असलेलं औषध बंद होतं. त्याला लाल नळीच द्यायची.

रंगांबद्दल एक सावधगिरीची गोष्ट उरते. रंग सवयीने आणि आंतरराष्ट्रीय मानकांनी बरेचसे एकसारखे झाले आहेत, पण सगळीकडे नाही. एका कंपनीचं पिवळं दुसऱ्या कंपनीत सोनेरी असतं. काही देशांत ऊतीगटाच्या नळीचं टोपणही पिवळं असतं, आणि तिच्यात सिट्रेटचं द्रावण असतं. टोपणं एका नळीवरून दुसरीवर लावता येतात, आणि घाईत ती लावली जातातही. नळीच्या लेबलावर मात्र आतल्या पदार्थाचं नाव, रक्ताचं माप आणि मुदतीची तारीख छापलेली असते. मुदत उलटलेल्या नळीत आतली पोकळी विरते, ती खुणेपर्यंत भरतच नाही, आणि सिट्रेटच्या नळीत त्याचा परिणाम त्या चार वर्षांच्या मुलाच्या अहवालासारखा होतो.

तिकडे खुर्चीवर पट्टा सुटला आहे, कापूस दाबून धरलेला आहे. त्या मुलीने तीन नळ्या हातात घेऊन हळूहळू उलट्या-सुलट्या केल्या, प्रत्येकीवर आजींचं नाव, तारीख आणि वेळ त्यांच्यासमोरच लिहिली. पिवळी तिने स्टँडवर उभी ठेवली, अर्ध्या तासाचा गजर लावला, आणि करडी उचलून बर्फाच्या डब्यात घातली.